राजीनामा चार ओळींचा, चार्ज चार पानांचा

वाशिमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. अशा मोठ्या गावात ‘सोसायटी’ म्हटलं की आधी पीककर्ज देणारी सेवा सहकारी सोसायटी आठवते. पण तिचा गटसचिव पगारी असतो, त्याचं जाणं-येणं बदलीच्या आदेशाने ठरतं. इथे विषय आहे तो दुसऱ्या प्रकारच्या संस्थेचा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली वाचनालयं, शिक्षण मंडळं, व्यायामशाळा गावोगावी आहेत. त्यांचा सचिव बिनपगारी असतो, दहा-पंधरा वर्षं तोच असतो, आणि एक दिवस तो थकतो. मग एक पत्र लिहिलं जातं : तब्येत साथ देत नाही, वेळ मिळत नाही, सर्व दप्तर आणि हिशेब सुरळीत सोपवीन.

त्या शेवटच्या वाक्यावर मला लिहायचं आहे. पुढचा संवाद कुण्या एका संस्थेचा नाही. अशा संस्थांत जे बोललं जातं ते मी दोन माणसांच्या तोंडी घातलं आहे. एक गावातल्या वाचनालयाचे सचिव, निवृत्त शिक्षक. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता वाशिमला संस्थांचे हिशेब लिहितो.

गुरुजी : चार ओळी लिहिल्या, बाबू. ऐक. ‘मा. अध्यक्ष यांस, स. न. वि. वि. प्रकृतीच्या कारणाने व वेळेअभावी मी सचिवपदाची जबाबदारी यापुढे सांभाळू शकत नाही. कृपया राजीनामा मंजूर करावा. सर्व दप्तर व हिशेब सुरळीत सोपवीन.’ खाली सही. आणखी काय लागतं?

हिशेबनीस : पत्र चांगलं आहे, गुरुजी. पण मले एक सांगा, कोणत्या तारखेपासून तुम्ही सचिव नाही?

गुरुजी : पत्रावर तारीख आहे की. १० जून.

हिशेबनीस : ती लिहिल्याची. १० जूनले तुम्ही पत्र देसान, अध्यक्ष सभा घेतीन तवा घेतीन. मधल्या दिवसांत विजेचं बिल भरायचं असलं तर चेकवर सही कोणाची? वर्तमानपत्रवाला पैसे मागाले आला तर कोणी द्यायचे? ‘३० जून रोजी कामकाजाची वेळ संपल्यावर मी पदावरून मोकळा होईन’ असं लिहा. म्हणजे ३० जूनपर्यंतचा हिशेब तुमचा, १ जुलैपासून दुसऱ्याचा.

गुरुजी : आणि सभाच नाही घेतली तर?

हिशेबनीस : तो प्रश्न नंतर. आधी दुसरा. तुम्ही राजीनामा कशाचा देऊन राह्यले? सचिवपदाचा, का कार्यकारिणीचा, का सभासदत्वाचा?

गुरुजी थांबले. इथे बहुतेक पत्रं अडतात. घटनेप्रमाणे कार्यकारी मंडळाचे सदस्य हेच विश्वस्त असतात आणि त्यांची नावं धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर चढलेली असतात. ‘सचिवपदाचा राजीनामा’ एवढंच लिहिलं तर माणूस कार्यकारिणीत राहतो, म्हणजे विश्वस्तही राहतो. नुसतं ‘संस्थेचा राजीनामा’ लिहिलं तर सभासदत्वही गेलं, असा अर्थ निघू शकतो. ज्याने अठरा वर्षं वाचनालय चालवलं त्याला पुढच्या सर्वसाधारण सभेत मत देण्याचाही अधिकार नाही, असा वाद अशाच एका मोघम ओळीतून उभा राहतो.

गुरुजी : सभासद तर मी मरेपर्यंत राहीन. कार्यकारिणी मात्र नको. रात्रीच्या सभा होत नाहीत माझ्याच्याने.

हिशेबनीस : मग तसंच लिहा. ‘सचिवपदाचा व कार्यकारी मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे, संस्थेचा आजीव सभासद म्हणून कायम राहीन.’ आता कोणी शंका काढणार नाही.

गुरुजी : तू पत्राचं खरेदीखत करून टाकतोस, बाबू. माणूस आजारी आहे, थकला आहे, म्हणून पद सोडतो. त्याच्या शब्दावर विश्वास नसेल तर अठरा वर्षं काय पाहून ठेवलं होतं?

हा गुरुजींचा खरा मुद्दा आहे आणि तो हलका नाही. गावातली संस्था विश्वासावर उभी राहते. ज्याने स्वतःच्या घरातली खुर्ची वाचनालयात नेऊन ठेवली, अनुदानाचा हप्ता उशिरा आला तेव्हा ग्रंथपालाचा पगार स्वतःच्या पेन्शनमधून भागवला, त्याच्यापुढे यादी ठेवून ‘एकेक वस्तू मोजून द्या’ म्हणणं त्याला जखम करतं. शिवाय जाणाऱ्याची अशी झडती घेतलेली दिसली की येणारा कोणी येत नाही. गावात तिशीतला माणूस सचिव व्हायला तयार होत नाही, याचं हेही एक कारण आहे.

हिशेबनीस : विश्वास तुमच्यावर आहे, गुरुजी. पण यादी तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही. यादी तुमच्यासाठीच आहे. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी लेखापरीक्षक विचारतो, पावती पुस्तक क्रमांक १४ कुठं आहे? नवा सचिव म्हणतो, मले मिळालंच नाही. तवा तुमच्या हातात काय राहते? ‘सुरळीत सोपवलं’ हा शब्द?

गुरुजी : पावती पुस्तकं कपाटात आहेत सगळी.

हिशेबनीस : चला, उघडू कपाट.

कपाटातलं पावती पुस्तक क्रमांक १४ पन्नास पावत्यांचं होतं. सदतीस फाडलेल्या, तेरा कोऱ्या, पण संस्थेचा शिक्का आधीच मारून ठेवलेल्या. सभासद आले की घाई नको म्हणून. कोरी शिक्का मारलेली पावती ही रोख रकमेपेक्षा धोक्याची गोष्ट आहे. रोख हरवली तर तेवढीच जाते. कोरी पावती दुसऱ्याच्या हाती गेली तर तिच्यावर कोणतीही रक्कम लिहून संस्थेच्या नावाने वर्गणी गोळा होऊ शकते, आणि स्थळप्रत जुन्या सचिवाच्या काळातल्या पुस्तकातली निघते. म्हणून चार्ज देताना वापरलेल्या पावत्यांचे पहिले-शेवटचे क्रमांक तर लिहायचेच, पण उरलेल्या तेरांवर आडव्या दोन रेघा मारून ‘रद्द’ लिहायचं आणि त्या फाडायच्या नाहीत, पुस्तकातच ठेवायच्या. नव्या सचिवाने १ जुलैपासून नवं पुस्तक सुरू करायचं. चेकबुकाचंही तसंच. अध्यक्ष बाहेरगावी असतात म्हणून सही करून ठेवलेले कोरे चेक गावातल्या किती संस्थांत असतात, हे लेखापरीक्षकांना माहीत आहे. ते त्याच दिवशी रद्द करून त्यांचे क्रमांक बँकेला कळवायचे.

हिशेबनीस : आता रोख. रोजकीर्द काय म्हणते?

गुरुजी : हातातली शिल्लक ४,३५०.

हिशेबनीस : डब्यात मोजले तर ३,८००. साडेपाचशे कमी.

गुरुजी : ते मी टाकतो खिशातून. साडेपाचशेसाठी काय पाहायचं?

हिशेबनीस : ते तर अजिबात करू नका.

गुरुजी : का? माझे पैसे मी संस्थेला देतो आहे.

हिशेबनीस : कारण ते साडेपाचशे कुठं तरी गेले आहेत. आज तुम्ही भरून टाकले तर हिशेब जुळला असं दिसंल. पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रवाला येईल आणि म्हणेल, गुरुजींनी मे महिन्यात साडेपाचशे दिले होते, पावती घ्यायची राहिली. मग नवा सचिव काय लिहील? खर्च टाकला तर शिल्लक पुन्हा साडेपाचशेने बिघडते, नाही टाकला तर त्याचं बिल चुकतं. आठवा, मे महिन्यात कोणाले रोख दिले?

गुरुजींना आठवलं. चिठ्ठी त्यांच्या जुन्या डायरीत होती. वर्तमानपत्रवाल्याकडून सहीची पावती घेतली, व्हाउचर केलं, आणि खर्च ज्या दिवशी सापडला त्या दिवशीच्या तारखेला त्याची नोंद टाकली, पुढे लिहिलं : ‘मे महिन्याचे देणे, नोंद राहून गेली होती.’ मागची तारीख टाकली नाही. रोजकीर्दीत मागे जाऊन ओळ घुसवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लवकर पकडला जाणारा खोटेपणा आहे. शिल्लक प्रत्येक पानावर पुढे नेलेली असते. एका पानावर ओळ घातली की पुढच्या सगळ्या बेरजा खोडाव्या लागतात.

बँकेत उलटी गंमत दिसते. पासबुकात ६१,२४० रुपये, रोजकीर्दीत बँकेची शिल्लक ५२,७४०. नवख्याला वाटतं, साडेआठ हजार जास्त आहेत, चांगलंच आहे. ते जास्त नसतात. पुस्तक विक्रेत्याला दिलेला ८,५०० चा चेक त्याने अजून भरलेला नसतो. म्हणून चार्जच्या यादीला बँक ताळमेळाचं एक पान जोडायचं : पासबुकाची शिल्लक, त्यातून न वटलेले चेक त्यांच्या क्रमांक आणि तारखेसह वजा, आणि खाली येणारी रक्कम रोजकीर्दीशी जुळलेली. हे पान नसेल तर नवा सचिव त्या साडेआठ हजारांवर नवी खरेदी करतो आणि जुना चेक परत जातो.

गुरुजी : आणि पुस्तकं? दाखल नोंदवहीत चार हजारांवर ग्रंथ आहेत. ते सगळे मोजून देत बसू? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. जुलैत ऑपरेशन आहे. म्हणून तर सोडतो आहे हे सगळं.

हिशेबनीस : पुस्तकं मोजायची नाहीत.

गुरुजी : हे तू म्हणतोस?

हिशेबनीस : हो. चार्ज देणं म्हणजे ग्रंथ पडताळणी नाही. ते महिनाभराचं काम, ग्रंथपाल आणि दोन सदस्य मिळून करतात, त्याची वेगळी नोंद होते. चार्जच्या यादीत फक्त एवढं लिहा : दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक अमुक, शेवटची ग्रंथ पडताळणी अमुक वर्षी झाली, त्यानंतर झालेली नाही. आणि वही सोपवा. ‘सर्व ग्रंथ सोपवले’ असं कधीच लिहू नका. जे मोजलं नाही ते सोपवलं म्हणायचं नाही.

हे ऐकून गुरुजींचा आवाज बदलला. हिशेबनिसाच्या बोलण्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. यादी मोठी करण्यात प्रामाणिकपणा नसतो. जे दिलं ते क्रमांकानिशी, जे तपासलं नाही ते ‘तपासलेलं नाही’ म्हणून, आणि जे सापडत नाही ते ‘सापडत नाही’ म्हणून. तिसरा रकाना भरायला माणसं घाबरतात. घटनेची मूळ शिक्क्याची प्रत हरवलेली असते, आणि सचिव ‘आहे कुठेतरी’ म्हणून निघून जातो. तीन वर्षांनी कोणी नवं बँक खातं उघडायला जातं तेव्हा ते उघडकीस येतं. धर्मादाय कार्यालयातून नक्कल मिळते. पण हरवल्याचं आज लिहिलं असेल तर ती आजच मागता येते.

आता तब्येतीबद्दल. इथे दोघांत पुन्हा जुंपली.

हिशेबनीस : तब्येत आणि वेळ, ही दोन कारणं सगळेच लिहितात, गुरुजी. वाचणारा मनातल्या मनात म्हणतो, खरं कारण दुसरं. अध्यक्षांशी तुमचं वाकडं आहे हे अख्ख्या गावाले माहीत आहे.

गुरुजी : वाकडं आहे. पण मोतीबिंदूही आहे आणि साखरही आहे. खोटं काय लिहिलं मी?

हिशेबनीस : खोटं नाही. अर्धं आहे.

गुरुजी : राजीनाम्यात पूर्ण लिहायचं असतं असं कुठं आहे? लोकमान्यांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली तेव्हा मोठं लांबलचक निवेदन लिहिलं. त्यांना लिहायलाच हवं होतं. तो भांडणाचा मुद्दा तत्त्वाचा होता : आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यायचा की नाही. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं सचिवपद घेतलं, त्यावरून तो वाद पेटला. तिथं वेळ हेच भांडण होतं. माझं भांडण तसलं नाही. अध्यक्ष बोलतात टाकून, सभेला उशिरा येतात. ते मी कागदावर कशाला आणू?

हिशेबनीस : पैशांचं काही आहे का?

गुरुजी : म्हणजे?

हिशेबनीस : त्यांनी कधी कोरा चेक मागितला, कधी ठराव नसताना खर्च करायले लावला, असं काही?

गुरुजी : एकदा. मी दिला नाही.

हिशेबनीस : लिहून दिलं होतं का, की देणार नाही म्हणून?

गुरुजी : नाही. तोंडी सांगितलं.

या ठिकाणी मी गुरुजींच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. माणसांचे स्वभाव, मानापमान, कोण कोणाला काय बोललं, हे राजीनाम्यात नको. तो कागद धर्मादाय कार्यालयाच्या फायलीत जातो आणि तिथे कायमचा राहतो. त्यात लिहिलेल्या तक्रारीला उत्तर मागितलं जातं, आणि साधा बदल वादग्रस्त होऊन वर्षानुवर्षं लटकतो. पण पैशांबाबत मतभेद झाला असेल तर त्याबद्दल गप्प राहून ‘तब्येत’ लिहिणं चूक आहे. ते राजीनाम्यात नाही, इतिवृत्तात हवं, आणि राजीनाम्याच्या आधीच्या सभेत हवं : अमुक खर्चास सचिवांनी ठराव नसल्याने मान्यता दिली नाही. एक ओळ. ती असली की राजीनाम्यात तब्येत लिहायला माणूस मोकळा होतो. गुरुजींनी ती ओळ जूनच्या सभेत नोंदवायचं कबूल केलं. सहज नाही, पण केलं.

आणि तब्येतीचा उल्लेख पोकळ नसतो, तो वेळापत्रक ठरवतो. जुलैत डोळ्यांचं ऑपरेशन आहे म्हणजे त्यानंतर काही आठवडे रोजकीर्द वाचता येणार नाही. म्हणून चार्ज ३० जूनपूर्वीच व्हायला हवा. कारण खरं असेल तर त्याने तारीख द्यायला हवी. तारीख न देणारं तब्येतीचं कारण वाचणाऱ्याला टाळाटाळ वाटते.

हिशेबनीस : आता तुमचा मघाचा प्रश्न. अध्यक्षांनी सभाच घेतली नाही तर?

गुरुजी : हो. तू तर म्हणशील, चार्ज दिल्याशिवाय राजीनामा लागू होत नाही.

हिशेबनीस : शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत तसंच आहे. पदाधिकाऱ्याचा राजीनामा समितीने मंजूर केल्यावर आणि त्याने सगळं काम, कागदपत्रं, मालमत्ता नव्या माणसाच्या हाती दिल्यावरच लागू होतो. आणि समितीनेही दप्तर पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावरच तो मंजूर करायचा.

गुरुजी : मग तो बिचारा आजारी माणूस काय करेल? कोणी पुढे आलाच नाही तर जन्मभर सचिव? त्याच उपविधीत साध्या समिती सदस्याला महिन्यात मोकळं करतात ना?

हिशेबनीस : हो. पत्र मिळाल्यापासून महिना झाला की तो सुटतो, मंजूर करा की नका करू. पण त्याच्या हाती किल्ल्या नसतात, गुरुजी. तुमच्या हाती आहेत.

गुरुजी : माझ्या हाती किल्ल्या आहेत म्हणून मला डांबून ठेवायचं, हा न्याय नाही.

दोघांचंही बरोबर आहे. विश्वस्त कायद्याखालच्या संस्थांत याचं उत्तर आपापल्या घटनेत शोधावं लागतं, आणि कित्येक घटनांत ‘राजीनामा कार्यकारी मंडळ मंजूर करेल’ एवढंच लिहिलेलं असतं. अशा वेळी सचिवाने कोणाच्या मर्जीवर न राहता स्वतःची बाजू पुरी करायची. पत्राची एक प्रत अध्यक्षांना हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ आणि तारीख घ्यायची. सही नाकारली तर स्पीड पोस्टने पाठवायची. तिसरी प्रत माहितीसाठी धर्मादाय कार्यालयात आवक शिक्का घेऊन द्यायची. नवा सचिव नसेल तर घटनेप्रमाणे सहसचिव, तोही नसेल तर अध्यक्ष, यांच्याकडे चार्ज द्यायचा. दोन सदस्यांच्या सह्या साक्षीदार म्हणून. तेवढं केल्यावर ३० जूननंतरच्या व्यवहाराची जबाबदारी आपली नव्हती, हे तो कागदावर दाखवू शकतो.

पण पूर्ण सुटका त्यानेही होत नाही, हे गुरुजींना सांगणं हिशेबनिसाला भाग पडलं.

हिशेबनीस : परिशिष्ट एकवर तुमचं नाव आहे. बदल अर्ज दाखल होऊन मंजूर होईपर्यंत ते तसंच राहते. कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करायचा. ३० जून धरला तर २८ सप्टेंबर. उशीर झाला तर विलंब माफ करा म्हणून वेगळा अर्ज.

गुरुजी : तो अर्ज मी करायचा?

हिशेबनीस : नाही, संस्थेने. पण त्याले तुमचा मूळ राजीनामा जोडावा लागतो. सभेची सूचना, ती सदस्यांना मिळाल्याचा पुरावा, ठरावाची प्रत, नव्या सचिवाची संमती, हे त्यांचं. तुम्हाला नोटीस आली तर ‘होय, मी राजीनामा दिला, हरकत नाही’ एवढं प्रतिज्ञापत्र तुमचं. म्हणून म्हणतो, पत्रात लिहा की बदल अर्जासाठी लागणाऱ्या सह्या मी देईन.

गुरुजी : आणि लेखापरीक्षण?

हिशेबनीस : ३१ मार्चला बंद झालेल्या वर्षाचं सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. तुमचंच वर्ष आहे ते. दोन्ही मुदती एकाच आठवड्यात येऊन राह्यल्या. तुम्ही जूनमध्येच व्हाउचरं लावून लेखापरीक्षकाकडे दिली तर ऑपरेशननंतर कोणी तुमच्या दारात फाइल घेऊन येणार नाही.

आणखी एक गोष्ट आता नव्याने आली आहे, जी जुन्या यादीत नसायची. संस्थेच्या बँक खात्याला गुरुजींचा मोबाईल जोडलेला आहे. धर्मादाय कार्यालयाच्या संकेतस्थळावरचं खातं त्यांच्या ईमेलवर. ग्रंथालय संचालनालयाकडून येणारे निरोप त्यांच्या फोनवर. ओटीपी ज्याच्याकडे येतो, तोच आज खरा चावीवाला. हिशेबनिसाने हे सांगितलं तेव्हा गुरुजींनी पासवर्ड कागदावर लिहून यादीला जोडायची तयारी दाखवली. ते तर मुळीच करायचं नाही. यादीच्या सही केलेल्या चार प्रती निघतात, त्यातली एक कुठे जाईल सांगता येत नाही. यादीत फक्त कोणत्या खात्याला कोणता नंबर जोडला आहे एवढंच लिहायचं, आणि नव्या सचिवाला शेजारी बसवून नंबर बदलायचा. बँकेत तो सही बदलाच्या ठरावाबरोबरच बदलतो. ठराव नसताना बँक काही करत नाही, आणि तिने तसं करूही नये.

शेवटी पत्र झालं ते असं :

‘मा. अध्यक्ष यांस, स. न. वि. वि. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे व प्रकृतीमुळे संस्थेच्या कामाला लागणारा वेळ मी यापुढे देऊ शकत नाही. म्हणून सचिवपदाचा व कार्यकारी मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा सादर करीत आहे. ३० जून रोजी कामकाज संपल्यावर मला मोकळे करावे. आजीव सभासदत्व कायम राहील. सोबत चार्ज यादीचा मसुदा जोडला आहे. २५ ते ३० जून या काळात नवे सचिव, ते नसल्यास सहसचिव किंवा आपण, यांच्याकडे दप्तर, रोख शिल्लक व बँक ताळमेळ दोन सदस्यांसमक्ष सोपवीन. माझ्या कारकिर्दीच्या हिशेबाबाबत लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देईन आणि बदल अर्जासाठी आवश्यक त्या सह्या करीन.’

हिशेबनिसाला आणखी एक ओळ हवी होती : ‘वरील व्यवहारांत काही त्रुटी आढळल्यास मी वैयक्तिक जबाबदार राहीन.’

गुरुजी : ती नाही लिहिणार.

हिशेबनीस : लोकांना भरवसा वाटेल.

गुरुजी : कायद्यात जी जबाबदारी आहे ती माझ्यावर आहेच, ती लिहिली काय, न लिहिली काय. पण चेकवर दोन सह्या असतात, बाबू, ठराव अकरा जणांचे असतात. सगळ्यांची जबाबदारी मी एकटा माझ्या अंगावर लिहून घेणार नाही. तसं मी लिहिलं तर माझ्यानंतर येणाऱ्यालाही तसंच लिहावं लागेल, आणि मग कोण येईल?

हिशेबनिसाने थोडा विचार केला आणि ती ओळ खोडली. मग यादीच्या पहिल्या पानावर रकाने आखले : अनुक्रमांक, दप्तराचं नाव, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, शेरा. पहिल्या ओळीत संस्थेची दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं आली. दुसऱ्या ओळीत घटनेची मूळ प्रत, आणि शेऱ्यात गुरुजींनीच सांगून लिहवून घेतलं : सापडत नाही, नकलेसाठी अर्ज केला आहे.